वरची काळी एक

मला माझा सूर शोधून दिला तो आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी. गावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, त्यांच्या सासूबाईसुद्धा. त्यांचं आधी सांगते, कारण पुढे देवळात जे झालं तेव्हा त्या तिथे नव्हत्या, आणि जो हजर नसतो त्याला लोक गोष्टीतून गाळून टाकतात. माझ्याकडून तसं व्हायला नको.

लग्न होऊन मी कोकणातून लिंबागणेशला आले. नवरा पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर. सकाळी जीपमध्ये बसून माळावर जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. दोन खोल्या भाड्याच्या, पुढे पत्र्याची पडवी. माझी शाळा आठवीत सुटली होती. हायस्कूल खाडीपलीकडे, पावसाळ्यात होडी बंद, घरात धाकटी भावंडं. सुटली ती सुटली. त्यामुळे चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दाराआडच उभी राहायची. त्यात माझं बोलणं इथल्यापेक्षा वेगळं. मी ‘नाय’ म्हटलं की बायका हसायच्या. त्यांच्या ‘न्हाई’चं मलाही हसू यायचं, पण मी गिळून टाकायची. परक्या गावात हसायचा हक्क आपला नसतो.

ओळख झाली ती भजनामुळे. दर संकष्टीला संध्याकाळी गणपतीच्या देवळात बायकांचं भजन असायचं, चंद्र उगवेपर्यंत. चंद्र दिसला की आरती, मग घरी जाऊन उपास सोडायचा. शेजारच्या वहिनी मला एकदा घेऊन गेल्या. मंडळ आक्कांचं. आक्का म्हणजे मोठ्या बागायतदाराच्या घरातल्या, साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज असा खणखणीत की देवळाच्या घंटेला त्यांचा हेवा वाटावा. पेटीवर एक मामा होते, मृदंगावर एक तरुण गडी, आणि आक्कांच्या मांडीपाशी एक तंबोऱ्याचा डबा. विजेवर चालणारा. बटण दाबलं की तो एकसारखा झंकारत राहायचा आणि सगळ्या बायका त्याच्या सुरावर गायच्या.

त्या डब्याची पट्टी ठरलेली होती: काळी चार. पेटीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये काळ्या पट्ट्या असतात. पाच मोजल्या की पुन्हा एकपासून सुरू. त्यातली चौथी काळी म्हणजे मंडळाचा सा. ती आक्कांना बसायची म्हणून मंडळाची झाली होती. मृदंगाची चामड्याची पुडी त्या सुराला चढवलेली, मामांची बोटं त्या पट्टीवर वळलेली. कुणी नवीन बाई आली तर तिनं त्या पट्टीत शिरायचं. पट्टी कुणासाठी हलत नसे.

माझा आवाज जाड. लहानपणापासून जाड. फोनवर मला पलीकडची माणसं ‘भाऊ’ म्हणतात. भजन सुरू झालं की पहिल्या ओळी मला जमायच्या, पण मंडळाच्या चाली वर वर चढत जायच्या, आणि तिथे पोचल्यावर माझा आवाज चिरकायचा. म्हणून मी तिथे गप्प व्हायची आणि चाल खाली आली की पुन्हा धरायची. मला वाटायचं, तीस बायकांत कोणाला कळतंय.

एके संकष्टीला आरती झाल्यावर आक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तू गं कोकणवाली. चाल वर गेली की कुठं जातीस? पानी भरायला?”

बायका हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार.

“हसू नगंस. मधीच येतीस, मधीच जातीस, बाकीच्यांचा सूर ढळतो. असं कर, पुढच्या चतुर्थीला तू एकटीनं एक गाणं म्हण. तुझ्या गावचं म्हण. बसलं तर माझ्या शेजारी बसायचं. न्हाई बसलं तर मागं बसून टाळ धर, पन तोंड उघडायचं न्हाई. हाय कबूल?”

मी मान हलवली. घरी येऊन शेंगदाण्याचं कूट करता करता नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “टाळ तर टाळ. त्यात काय एवढं?” त्याचं चुकीचं नव्हतं. पण तो दिवसभर माणसांत असायचा. मला महिन्यातून ती एक संध्याकाळ होती. तिथे तोंड मिटून बसायचं म्हणजे मग घरीच बसलेलं काय वाईट?

गाणं मी आमच्या गावचं निवडलं. गौरी-गणपतीत बायका मोदक वळताना म्हणतात ते. त्याची चाल मंडळाच्या चालींपेक्षा उलटी. ती वर चढत नाही. ‘सा’वर उभी राहते, तिथून खाली उतरते, आणि बहुतेक सारा वेळ खालीच फिरते. मला वाटलं, माझा आवाज जाड, चाल खालची, म्हणजे जोडी जमली.

तालमीला आक्कांच्या ओसरीवर गेले. त्यांनी डबा लावला, काळी चार. मी सा धरला, पहिली ओळ उतरायला लागले, आणि ओळीचं शेवटचं अक्षर नुसत्या हवेसारखं बाहेर पडलं. सूर नाहीच. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच.

“आवाज जाड हाय हिचा,” आक्का पेटीवाल्या मामांना म्हणाल्या. “आपल्या पट्टीत कशी गाईल ती? मधली पांढरी धरून दोन घरं खाली घ्या. काळी तीन.”

त्यात वाईट हेतू नव्हता हे आत्ताही सांगते. मंडळाची पट्टी त्यांनी कधी कुणासाठी हलवली नव्हती, ती माझ्यासाठी हलवायला तयार झाल्या. मृदंगवाला कुरकुरला, “आक्का, पुडी ढिली केल्यावर मृदंग बोलंल का? थपथप करील निस्ता.” आक्का म्हणाल्या, “एका गान्यापुरतं करू दे की थपथप. तुझ्या मृदंगाला काय लगीन लावायचंय?”

वहिनींनी मोबाईलमध्ये तंबोऱ्याचं ॲप टाकून दिलं. मी रोज काळी तीन लावून गाणं म्हणत बसे. पहाटे उठल्याउठल्या खालचे सूर थोडे लागायचे, आणि मला आशा वाटायची. संध्याकाळी तेच सूर पुन्हा गायब. मग मी हनुवटी छातीला लावून, घसा दाबून ते काढायला बघायची. वाटायचं, जोर कमी पडतोय. आठ-दहा दिवसांत घसा असा बसला की दुधवाल्याला ‘अर्धा लिटर’ सांगायला बोटं दाखवावी लागली. तेव्हा उपकेंद्रात गेले.

सिस्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, आवाजही तसाच.

“ताप?”

“नाय.”

“खोकला? गिळताना दुखतं?”

“नाय.”

“मग कावून बसला? भांडन करतीस का कुणाशी?”

मी म्हटलं, गाते. म्हणजे गाणार आहे. चतुर्थीला. आणि मग आक्कांची अट, टाळ, सगळंच एका दमात घोगऱ्या आवाजात सांगून टाकलं. मी इतकं कुणाशी बोलत नाही. पण बसलेल्या घशानं बोलताना माणूस जरा धीट होतो, कारण अर्धं ऐकूच जात नाही.

सिस्टर हात धुता धुता थांबल्या. “कुठल्या पट्टीत गातीस?”

मी चमकले. नर्सबाईंनी हे विचारावं?

“काळी तीन. आवाज जाड आहे म्हणून.”

“आनि चाल?”

“खालची.”

“वरून खाली जाती का खालून वर?”

“खाली जाते. खालीच असते.”

त्या हसल्या. “मग घशाला काय बी झालेलं न्हाई. मिठाच्या पान्याच्या गुळण्या कर, दोन दिवस गप बस. जे झालंय ते पट्टीला झालंय. आईतवारी घरी ये माझ्या.”

त्या नर्सिंगचं शिकायला अंबाजोगाईला होत्या तेव्हा संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जात, हे मला त्यांच्या खोलीतला तंबोरा बघून कळलं. लग्नानंतर ड्युटी, पोरं, रात्री-अपरात्रीची बाळंतपणं. तंबोरा कपाटाशेजारी उभा राहिला. पण तारा नव्या होत्या.

रविवारी गेले तेव्हा माझा घसा उघडला होता. मी मोबाईल काढून ॲप लावायला लागले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

“आधी ह्याला गप कर. तुमच्या गावाला मोदक करताना कोन लावतं तंबोरा? तिथं म्हनायचीस तसं म्हन. जिथून येईल तिथून.”

सूर कुणी दिला नाही की मला भीती वाटते. पण मी डोळे मिटून सुरू केलं. पहिली ओळ उतरली, खालच्या अक्षरावर जाऊन टेकली, परत आली. सरळ. माझं मलाच खरं वाटेना.

सिस्टर तंबोऱ्याच्या तारेला बोट लावून काहीतरी ताडून बघत होत्या. मग त्यांनी मोबाईलवर पेटी काढली आणि एक पट्टी दाबली. “हा तुझा सा. काळी एक. वरची.”

मला काही कळलं नाही. काळी एक ही गड्यांची पट्टी, एवढं मी मंडळात ऐकलं होतं. तसं म्हटलंही.

“ती खालची. काळी चारच्या पुढं पाचवी काळी, अन् मग पुन्हा मोजायला लागलं की पैली काळी येती का न्हाई? ती ही. मंडळाच्या ‘सा’पेक्षा वर.” त्यांनी बोटानं दाखवलं. “तू लई वरून गातीस, पोरी. तुला खाली घालून ठेवलंय लोकांनी.”

मग त्यांनी गाण्यातलं सगळ्यात खालचं अक्षर म्हणायला लावलं. ते काळी चारवर आलं. सगळ्यात वरचं म्हणायला लावलं. ते त्याच्याही वरच्या खेपेच्या काळी पाचवर. दोन्ही आरामात. “एवढीच जागा लागती ह्या गान्याला,” त्या म्हणाल्या. “‘सा’पासून खाली पंचमापर्यंत, अन् वर धैवतापर्यंत. आता बघ, आक्का तुला काळी तीनला बसवतात. तिथून खाली पंचम म्हंजी कुठं? पार तळघरात. तिथं बाईमानसाचा आवाज कसा जाईल? जाड असला तरी बाईचाच हाय ना?”

“पण सकाळी थोडं जमायचं.”

“झोपून उठल्यावर आवाज जड असतो, खाली जातो. दिवस चढला की वर येतो. भजन काय पहाटं हाय तुमचं?”

“नाय, संध्याकाळी.”

“आवाज जाड म्हनून पट्टी खाली, हे कुनी सांगितलं? जाड मानसानं काय खालच्या मजल्यावरच राहायचं का? पातेलं बघावं, मग झाकन बघावं. गानं कुठून कुठपर्यंत जातं, अन् तुझा आवाज कुठून कुठपर्यंत जातो. दोन्ही एकावर एक ठेवायचं. बाकी काय न्हाई.”

मी म्हटलं, “पण आक्का पट्टी वर कशी घेतील? मृदंग फाटेल. मामांचा हात काळी चारवरच बसलेला.”

हे खरं अडचणीचं होतं.  सिस्टरांनी तंबोरा आडवा मांडीवर घेतला. तो काळी चारला लावला. मधल्या दोन तारा सा, शेवटची जाड तार खालचा सा, आणि पहिली तार पंचम. म्हणाल्या, “हे तुमच्या डब्यात वाजतं तेच.” मग पहिल्या तारेची खुंटी सैल केली. तार पंचमावरून घसरत मध्यमावर आली. तारेत ओवलेला मणी सरकवून त्यांनी ती पक्की केली. बाकीच्या तीन तारांना हात लावला नाही.

“काळी चारचा मध्यम कुठं येतो, ठाव हाय?”

मला नव्हतं ठाऊक.

“वरच्या काळी एकला. तुझा सा. म्हंजी मंडळाचा सा हाय तिथंच राहील, तू फक्त ह्या पैल्या तारेवर उभी राहायचं. तिलाच सा म्हनायचं. अन् त्यांचा सा तुला खालचा पंचम होईल. तुझी ओळ खाली जाऊन जिथं टेकती, ते हेच. मृदंग त्याच सुरात वाजू दे, बिघडत न्हाई. जुनी मानसं मध्यमातून गातात ती अशीच.”

तंबोरा छेडला. मी गायले. ओळ खाली गेली आणि शेवटचं अक्षर मधल्या तारांवर जाऊन असं बसलं, जसं होडीचं नाक धक्क्याला लागावं.  सिस्टर छेडत राहिल्या. मी तीनदा म्हटलं.

निघताना त्यांनी बजावलं, “डब्याला पंचम, मध्यम, निषाद असं एक बटन असतं. फक्त ते मध्यमावर न्यायचं. पट्टी हलवू द्यायची न्हाई. अन् मामांना सांग, चाल वाजवू नका, काळी चार अन् वरची काळी एक, दोनच सूर दाबून धरा. मी येईनच चतुर्थीला, न्हाई कळलं तर मी सांगन.”

पण चतुर्थीला दुपारी एका बाईला कळा लागल्या, नाडी बरी नव्हती, आणि सिस्टर ॲम्ब्युलन्समधून तिच्यासोबत बीडला गेल्या. मला ते देवळाच्या पायरीवर वहिनींकडून कळलं.  मागे फिरावं असं आलं मनात. पण मागे बायका चपला काढत होत्या, वाट नव्हती.

तीन-चार भजनं झाली. मग आक्कांनी माझ्याकडे बघितलं. “ये फुडं. आता कोकनचं ऐकू.” आणि मामांना म्हणाल्या, “हिचा आवाज जाड हाय, ध्यानात हाय ना? काळी तीन.” त्यांचा हात डब्याच्या पट्टीच्या बटणावर गेला. मृदंगवाल्यानं हातोडी उचलली.

आयुष्यात मी मोठ्या माणसाला ‘नको’ म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा म्हटलं. आवाज फुटला नाही म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं.

“नको आक्का. खाली नको.”

“कावून?”

“वर. मला वर लागतं.”

हशा पिकला. “हिला वर? आत्ताच पानी भरून आली का?” असं कोणीतरी मागून. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मृदंगवाला म्हणाला, “अजून वर चढवली तर पुडी फाटंल, सांगून ठिवतो.”

“किती वर?” आक्कांनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

“पट्टी हीच राहू दे. फक्त डब्याला पंचमाच्या जागी मध्यम करा. मी मध्यमातून म्हणते.” हे वाक्य मी घरी इतक्या वेळा घोकलं होतं की ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बाहेर पडलं. “आणि मामा, तुम्ही चाल नका वाजवू. काळी चार आणि वरची काळी एक धरून ठेवा नुसती.”

“मग मला चालतंय, हातोडीच मारायची न्हाई,” मृदंगवाला म्हणाला. मामांनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी माझ्याकडे. डब्यावरचं ते बटण कुणी कधी फिरवलंच नव्हतं. त्याच्यावर कुंकू आणि बुक्का साचून ते घट्ट बसलं होतं. आक्कांनी पदराच्या टोकानं पुसलं आणि नखानं फिरवलं. झंकार बदलला. काही बायकांनी माना वर केल्या.

गाणं झालं. कसं झालं ते मी सांगू शकत नाही; गाताना मी समोरच्या समईची वात बघत होते. एवढं आठवतं की पहिल्याच ओळीचं शेवटचं अक्षर गेलं आणि बसलं, आणि त्यानंतर मला भीती वाटेनाशी झाली. मधल्या एका ओळीला मी शब्द विसरले आणि मागचीच ओळ पुन्हा म्हटली. कुणाला कळलं नाही, गाणं कुणाला माहीतच नव्हतं. पहिली ओळ तिसऱ्या खेपेला आली तेव्हा बायकांनी ती धरायचा प्रयत्न केला. त्यांना ते जमलं नाही, त्या आपल्या काळी चारवरच ओढल्या जात होत्या. मग त्या थांबल्या आणि ऐकत बसल्या.

संपल्यावर वाहवा वगैरे झाली नाही. आमच्या मंडळात होत नाही. आक्कांनी बटण परत पंचमावर नेलं, पुढचं भजन सांगितलं, आणि आपल्या उजव्या बाजूची चटई हातानं थोपटली. मी तिथे जाऊन बसले. पुढच्या भजनात चाल वर गेली तेव्हा मी गप्प राहिले. आक्कांनी नुसतं बघितलं आणि गात राहिल्या. आरतीनंतर म्हणाल्या, “तुला हे कुनी शिकवलं?”

“सिस्टरांनी.”

“सुया टोचनारी? तिला गाता येतं?” आणि डबा बंद करता करता, “मग भजनाला कावून येत न्हाई ती?”

हे मी दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात जाऊन सांगितलं. बाई आणि बाळ बरे होते. सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या, न बघता म्हणाल्या, “बसलं ना? मग झालं.” आक्कांच्या प्रश्नावर त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं.

पुढल्या वर्षी त्यांची बदली केज तालुक्यात युसूफ वडगावकडे झाली. आक्कांच्या उजव्या हाताला माझी जागा अजून आहे, दर संकष्टीला एक गाणं मध्यमातून होतं, आणि मामा आता दोन सुरांच्या जोडीला थोडी चालही वाजवतात.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीला ताप येत होता, म्हणून मी सिस्टरांना फोन केला. बऱ्याच गप्पा झाल्या. मी विचारलं, तंबोरा लावता का? त्या म्हणाल्या, “न्हाई गं. कापडाची गवसनी घातली त्याला. वय झालं, आवाज खाली आला. माझी पट्टी काळी तीन, तिथं आता दम पुरत न्हाई. वरचा सा फाटतो.” मी म्हटलं, मग खाली घ्या ना. तर म्हणाल्या, “अंबाजोगाईला गुरुजींनी दिलेली पट्टी हाय ती. तीच सुटली तर गायचं कशाला?” आणि लगेच पुन्हा मुलीच्या तापाचं विचारायला लागल्या.

ज्या बाईनं मला दाखवून दिलं की पट्टी ही मालकी नव्हे, माप आहे, ती स्वतःच्या बाबतीत ते विसरली. माझ्याकडे त्यांना द्यायला दुसरं काही नाही. शिक्षण नाही, गाण्याची परीक्षा नाही. पण त्यांनी जे केलं ते मी बघितलेलं आहे. सिस्टर, तुम्ही हे वाचाल न वाचाल. एक दिवस मी बीडला गाडी बदलून तुमच्याकडे येईन, त्या तंबोऱ्याची गवसणी काढीन, आणि तुम्हाला आधी तारा न छेडता गायला लावीन, जिथून येईल तिथून. तुमचा आवाज जिथे बसेल तिथे मी खुंट्या पिळून तारा आणून ठेवीन. त्याला दिवस लागले तरी चालेल. हे मी करणार आहे.